पट्ट्यावर पांढरं आलं की आधी तेलाची बाटली लांब ठेवा

*नमस्कार दादा,*

*मी चिपळूणची. शाळेत शिकवते. सासऱ्यांचं चावीचं एचएमटी घड्याळ मी रोज वापरते. दिवाळीत पुण्याहून त्याला टॅन रंगाचा चामड्याचा पट्टा बसवून आणला. जूनपर्यंत छान होता. आता आतल्या बाजूला पांढरी लव येते. खोबरेल लावून पुसते, आठवड्यात परत येते. शिलाईच्या कडेनेही पांढरी रेघ उमटते. बक्कलच्या भोकांजवळ पट्टा काळवंडलाय, वाकवला की कडक लागतो आणि कुबट वास येतो. स्कूटरवरून येताना भिजला तर रात्री इन्व्हर्टरवर ठेवून वाळवते. घाम येऊ नये म्हणून मनगटाला पावडर लावते. कपाटात ओल शोषणारी पिशवी टांगली आहे, तिच्याखालीच घड्याळाची डबी असते. पट्टा वाचेल का? आणि पुढच्या पावसाळ्यात असं होऊ नये म्हणून काय करू?*

ताई,

पट्टा एवढ्यात फेकू नका, पण खोबरेल आजपासून बंद. आणि पुढचं वाचण्याआधी उठून ती डबी त्या पिशवीखालून काढा. कारण नंतर सांगतो.

तुमच्या पत्रात मला दोन निरनिराळ्या गोष्टी दिसतात. आतली लव ही बुरशी. शिलाईची रेघ मात्र बहुतेक बुरशी नसावी, ते मीठ असावं. चामड्यावर पांढरं दिसलं की आपण सरसकट बुरशी म्हणून मोकळे होतो, पण ते तीन प्रकारचं असू शकतं आणि तिघांवरचे उपाय वेगळे. ओळखायला सोपं आहे. मुलांचं भिंग घ्या आणि खिडकीशी बसा. बुरशी भिंगाखाली केसाळ, कापसासारखी दिसते, ठिपक्याठिपक्यांनी सुरू होते आणि तिला वास असतो. मीठ कणीदार, चमकतं, शिलाईच्या भोकांतून आणि कडांवरून बाहेर येतं. कान साफ करायच्या कापूसकाडीचं टोक ओलं करून टेकवलंत तर लगेच विरघळून दिसेनासं होतं आणि वाळल्यावर पुन्हा उगवतं. तिसरा प्रकार चरबीचा. चामड्यातलं किंवा आपण बाहेरून चोपडलेलं तेल-मेण वर येऊन गोठतं, त्याचा पातळ पांढरट धुरकट थर दिसतो. केस वाळवायच्या ड्रायरची मंद हवा वीतभर अंतरावरून काही सेकंद दिलीत की हा थर वितळून गायब होतो. बुरशी आणि मीठ तसं करत नाहीत. हा प्रकार तुम्हाला डिसेंबरच्या थंडीत दिसेल, कारण खोबरेल साधारण 24-25 अंशांच्या खाली गोठतं आणि तुम्ही ते पट्ट्याला भरपूर पाजलेलं आहे. तेव्हा पुन्हा "बुरशी आली" म्हणून घाबरू नका.

आता हे तेलाचं. बुरशीला लागतं काय? ओल आणि खाणं. हवेतली सापेक्ष आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की चामड्यावर बुरशी धरायला लागते, आणि कोकणात आषाढ-श्रावणात हा आकडा दिवसेंदिवस 85 च्या खाली उतरत नाही. म्हणजे ओलीची सोय निसर्गानेच केलेली. खाण्याची सोय आपण करतो. घामातले अंश, कातडीचा तेलकटपणा, मेलेल्या त्वचेचा भुगा आणि वरून खोबरेल. तेल लावून पुसलं की लव दिसेनाशी होते, कारण तंतू तेलात भिजून आडवे पडतात आणि पारदर्शक होतात. मूळ तिथेच असतं आणि आता त्याला जेवणही मिळालेलं असतं. आठवड्याने परत येण्याचं कारण हेच. शिवाय खोबरेल चामड्यात खवट होतं. तुम्हाला येतो त्या कुबट वासात त्याचाही वाटा असणार.

पावडरचंही तसंच. मनगटावर ती घाम थोडा वेळ टिपते, नंतर घामात कालवून तिचा लगदा होतो आणि तो अस्तराच्या रंध्रांत आणि शिलाईच्या भोकांत जाऊन बसतो. अस्तराला जो थोडाफार श्वास घेता येत होता, तोही बंद.

कडकपणाचं कारण वेगळं आहे. चामडं म्हणजे प्रथिनाच्या बारीक तंतूंचं विणकाम. कमावताना त्यात तेल मुरवतात, म्हणून ते तंतू एकमेकांवरून सरकतात आणि पट्टा मऊ वाकतो. घामाचं पाणी आत जाताना मीठ घेऊन जातं. पाणी उडतं, मीठ राहतं आणि तंतूंच्या मध्ये त्याचे खडे धरतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा घाम, पुन्हा मीठ. मीठ हवेतली ओल ओढतं, म्हणून असा पट्टा पावसाळ्यात कधीच पूर्ण वाळत नाही आणि ऊन पडलं की एकदम करकरीत होतो. त्यात साचलेला घाम शिळा झाला की जिवाणू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात. चामडं मुळात किंचित आम्लधर्मी असतं, त्याला हा अल्कधर्मीपणा सोसत नाही आणि कमावण्याचं काम हळूहळू उलटं फिरायला लागतं. आणि इन्व्हर्टर! भिजलेले तंतू खालून ऊब लागून भराभर वाळले की एकमेकांना चिकटून बसतात. एक बाजू आधी आकसते, पट्टा वाकडा होतो, अस्तराचा डिंक सुटतो. इन्व्हर्टर, फ्रिजची पाठ, गाडीचा डॅशबोर्ड, दुपारचं ऊन, या सगळ्यांना एकाच यादीत टाका. भिजलेला पट्टा पंख्याखाली, सावलीत, सपाट आणि उघडा वाळतो. दमट हवेत त्याला रात्र पुरत नाही, पूर्ण दिवस लागतो.

म्हणजे पाण्याने पट्टा खराब होतो हा समज अर्धाच खरा. एकदा पावसात भिजून नीट वाळलेल्या पट्ट्याचं फारसं बिघडत नाही. जो पट्टा रोज थोडा घामेजतो आणि कधीच वाळत नाही तो मरतो, आणि मरतो तोही आतल्या बाजूने, जिकडे आपलं लक्ष नसतं.

वाचेल का, हे आता तुम्हीच तपासा. बक्कलपासून दोन बोटं खाली पट्टा बोटाभोवती हळूच वाकवा आणि वरची बाजू बघा. नुसती सुरकुती पडून सरळ केल्यावर गेली तर जीव आहे. वाकवल्यावर बारीक भेगा उघडून आतले फिकट तंतू दिसत असतील, तर त्या भेगा कुठल्याही क्रीमने भरून येत नाहीत. मग आतलं अस्तर नखाने कडेशी उचलून बघा. सुटून आलं आणि आतला पुठ्ठा फुगलेला दिसला तर खेळ संपला. बऱ्याच पट्ट्यांत वरचं चामडं आणि अस्तर यांच्या मध्ये खरोखर पुठ्ठ्यासारखं भरण असतं. ते एकदा घाम पिऊन फुगलं आणि कुजलं की वास कायमचा. अशा पट्ट्यावर वेळ घालवू नका.

जीव असेल तर साफसफाई अशी करा. पहिलं काम, पट्टा घड्याळापासून सुटा करणं. पट्टा जिथे अडकतो ती घड्याळाची पुढे आलेली टोकं म्हणजे कान. त्यांच्या मध्ये स्प्रिंगची पिन असते, ती दाबून निघते. त्यासाठी दुबेळक्या टोकाचं छोटं अवजार मिळतं, पण हात बसलेला नसेल तर घड्याळवाल्याकडून काढून घ्या. सुरी घसरली की कानांवर कायमचा ओरखडा. सुटं करा म्हणण्याचं आणखी एक कारण आहे. तुमच्या घड्याळाची काच बहुधा काच नसून ॲक्रिलिक असणार, जुन्या चावीच्या एचएमटींना तीच असायची. आपण वापरणार आहोत त्या स्पिरिटने ॲक्रिलिकमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडू शकतात. सासऱ्यांचं घड्याळ पट्ट्यापायी खराब व्हायला नको.

बुरशी घरात झटकू नका. गॅलरीत किंवा अंगणात जा, तोंडाला मास्क लावा आणि मऊ टूथब्रशने कोरडी लव झाडा, शिलाईच्या ओळीत आणि बक्कलजवळच्या कडीखाली विशेष. तो ब्रश नंतर टाकून द्या. मग मेडिकलमधून 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा आणि एका वाटीत दोन चमचे ते आणि दोन चमचे आरओचं पाणी एकत्र करा. सॅनिटायझरचं जेल चालणार नाही, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि ग्लिसरीन स्वतःच ओल धरून ठेवतं. आधी पट्ट्याच्या शेपटीच्या आतल्या टोकावर, जे कडीखाली लपतं, तिथे एक थेंब लावून पांढऱ्या कपड्याने टिपा. कपड्याला रंग आला तर आणखी पाणी घालून सौम्य करा, तरीही आला तर हे मिश्रण फक्त अस्तराला लावा. नाहीतर सुती फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा, निथळता कामा नये, आणि दोन्ही बाजू पुसून घ्या. फडक्याची बाजू सतत बदला, नाहीतर इकडची बुरशी तिकडे लावत बसाल. पंख्याखाली एक दिवस वाळू द्या.

दुसऱ्या दिवशी मीठ. इथे साबण नको. अंगाचा असो की खास चामड्यासाठीचा, बहुतेक साबण अल्कधर्मी असतात आणि घामाने आधीच शिणलेल्या अस्तराला ते जड जातात. नुसतं आरओचं पाणी पुरतं, नळाचं जड पाणी स्वतःचे क्षार मागे ठेवतं. ओलसर फडक्याने अस्तर पुसा, लगेच कोरड्या फडक्याने दाबून टिपा, पुन्हा पुसा, पुन्हा टिपा. प्रत्येक वेळी ओलाव्यात विरघळलेलं थोडं मीठ फडक्यात येतं. पट्टा पाण्यात बुडवायचा मोह होईल, पण भरण पुठ्ठ्याचं असेल तर तो तिथेच संपेल. वरच्या बाजूला मिठाची वर्तुळं असतील तर फक्त डागावर पाणी लावू नका. ओल्या आणि कोरड्या भागाच्या सीमेवर क्षार ओढले जाऊन तिथे नवी रेघ पडते. एका शिलाईपासून दुसऱ्या शिलाईपर्यंत, कानापासून टोकापर्यंत, तो अख्खा तुकडा एकसारखा ओलसर करा आणि मग सगळा एकदम वाळू द्या. रेघ पुसट होत जाते. एका खेपेत जाणार नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तसंच करा.

वाळत असताना अधूनमधून पट्टा हाताने हलकेच मागेपुढे वाकवत राहा, म्हणजे तंतू चिकटून बसत नाहीत. कडकपणा उतरवायला मला कुठल्याही डबीपेक्षा हा उपाय जास्त आवडतो, आणि तो फुकट आहे.

काळवंडल्याचं मात्र खरं सांगतो. टॅन रंगाचं चामडं बऱ्याचदा झाडांच्या सालीत कमावलेलं असतं, कोल्हापुरीच्या चामड्यासारखं. तिथे बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. असं चामडं पाणी आणि तेल पटकन पितं आणि गडद होतं. भोकांजवळचा तपकिरी, पसरट काळेपणा हा घाम आणि तेलाचा असतो, आणि तो पूर्ण निघत नाही. तुमच्या खोबरेलाने तो वाढला असणार. पण काळा रंग निळसर असेल, कडा स्पष्ट असतील आणि तो बरोबर बक्कलची जीभ टेकते तिथेच असेल, तर ते लोखंडाचं काम आहे. सालीतल्या टॅनिनला ओलसर लोखंड लागलं की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस हा लोखंडाचा क्षार मिसळून शाई करायचे, ती हीच क्रिया, फक्त इथे ती तुमच्या पट्ट्यावर घडते आहे. लिंबू चोळलं की तो डाग फिका पडतो हे खरं आहे, पण तिथे फिकट ठिपका उरतो आणि लिंबाच्या रसातली साखर बुरशीच्या उपयोगी पडते. मी सांगेन, डाग राहू द्या. बक्कल आणि पिना मात्र तपासा. गंजल्या असतील तर बदला. पिना काही रुपयांच्या असतात, आणि गंजून तुटली तर घड्याळच खाली पडतं.

क्रीम कधी लावायचं? पावसाळ्यात नाही. साफ केलेला पट्टा आता नुसता कोरडा ठेवा. नवरात्र उलटून हवा कोरडी झाली की चामड्याचं बिनरंगी कंडिशनर घ्या. तांदळाच्या दोन दाण्यांएवढं बोटावर घेऊन पट्ट्याच्या दोन्ही भागांना मिळून फक्त वरच्या बाजूला लावा, अर्ध्या तासाने मऊ कापडाने पुसून टाका. अस्तराला नाही. दुसरी खेप मेच्या मध्यावर, पाऊस येण्याआधी, म्हणजे तोवर ते मुरलेलं असतं. वर्षाला एवढं पुरे. या दुसऱ्या खेपेनंतर चपलांचं बिनरंगी मेणपॉलिश वरच्या बाजूला आणि कडांना बारीक फिरवलंत तर स्कूटरवरचे शिंतोडे थोडे लांब राहतील. कडांवर रंगाचा जो थर असतो त्याला चीर गेली की घाम थेट भरणापर्यंत पोचतो. चीर दिसली तर पट्टा शिवणाऱ्याकडून कड पुन्हा रंगवून घ्या.

आता ती पिशवी. कपाटात टांगायच्या ओलशोषक पिशव्यांत बहुतेक वेळा कॅल्शियम क्लोराइड असतं. ते ओल ओढून पाणी होतं आणि खालच्या कप्प्यात साचतं. ते नुसतं पाणी नसतं, खारा गाढा द्राव असतो. पिशवी फुटली किंवा झिरपली आणि तो द्राव चामड्यावर पडला तर चामडं आकसून लाकूड होतं, आणि ते परत येत नाही. चामड्याच्या पर्सेस आणि बूट याने गेलेले मी पाहिले आहेत. साड्यांच्या कपाटातसुद्धा ती पिशवी सगळ्यात खाली ठेवावी आणि तिच्याखाली काही ठेवू नये.

घड्याळासाठी स्वयंपाकघरातला रबरी कड असलेला घट्ट झाकणाचा डबा घ्या, दोन लिटरचा. त्यात कापडी पिशवीत 40 ग्रॅमच्या आसपास सिलिका जेल ठेवा. नारिंगी खड्यांचं घ्या. निळ्या खड्यांत कोबाल्टचं क्षार असतं आणि ते घरात वावरणं बरं नाही. नारिंगी खडे ओल भरली की हिरवट किंवा फिके होतात. मग ते पिशवीतून काढून, स्वयंपाकाला वापरत नाही अशा जुन्या जाड कढईत अगदी मंद आचेवर हलवत राहा, रंग परत येईपर्यंत. जाळू नका, जास्त तापले तर रंग कायमचा जातो. बुटांच्या खोक्यातून येणाऱ्या छोट्या पुड्या मात्र अशा तापवू नका, त्यांचा कागद वितळतो. डांबराच्या गोळ्या किंवा तांदूळ यांचा इथे उपयोग नाही. गोळ्यांचा वास अस्तरात बसतो आणि तांदळाची पूड बुरशीचंच खाद्य.

डब्याची एक मेख आहे. दोन लिटर दमट हवेत पाण्याचा जेमतेम एक थेंब असतो. तुमच्या दिवसभर घातलेल्या पट्ट्यात मात्र दोन-तीन ग्रॅम पाणी सहज असतं. म्हणजे ओल डब्यातल्या हवेत नसते, ती पट्ट्यासोबत आत जाते. हातातून काढला आणि तसाच बंद केला तर तो डबा बुरशीची नर्सरी होतो. तुमच्या डबीत बहुधा हेच घडत होतं. घरी आल्यावर घड्याळ काढा, अस्तर कोरड्या फडक्याने पुसा, रात्रभर पंख्याखाली उघडं ठेवा, सकाळी मग डब्यात. उलट टोकही सांभाळा. जेल भरपूर आणि डबा महिनोन्महिने बंद, तर आर्द्रता 40 च्या खाली जाते आणि पट्टा पुन्हा कडक होतो. काहीशे रुपयांत छोटं आर्द्रतामापक मिळतं, ते डब्यात टाका आणि काटा 45 ते 55 च्या मध्ये राहील एवढंच जेल ठेवा.

हे सगळं तुम्ही नीट केलंत तरी चिपळूणच्या पावसाळ्यात एकच चामड्याचा पट्टा रोज घालणं मला पटत नाही. पट्ट्याला दोन वापरांच्या मध्ये किमान एक पूर्ण दिवस लागतो आणि तुमचं काम रोजचं. म्हणून मृग लागला की चामडं उतरवा आणि नायलॉनचा पट्टा चढवा. कानांमधलं अंतर घड्याळवाल्याकडून मिलिमीटरमध्ये मोजून घ्या, त्याच मापाचा मिळतो. भिजला तर साबणाने धुवून दोरीवर टाका. एका लांब पट्टीचा, घड्याळाच्या पाठीखालून जाणारा प्रकार घेतलात तर पाठ घामापासूनही थोडी लांब राहते. सिलिकॉनचे पट्टेही चालतात, पण त्यांच्याखाली घाम साचून काहींच्या मनगटाला पुरळ येतं, आणि जुन्या नाजूक घड्याळाला ते जाड दिसतात. माझी पसंती नायलॉनला.

कोरड्या महिन्यांतही तुमच्याकडे घाम आहेच, ऑक्टोबर हीट तर आहेच आहे. बक्कल एक भोक सैल ठेवा, पट्ट्याखाली करंगळी सहज गेली पाहिजे. दुपारी मनगट थोडं सुजतं, सकाळी बेताचा वाटणारा पट्टा तेव्हा रुततो. अत्तर, सनस्क्रीन आणि डासांचं क्रीम आधी लावा, मुरू द्या, मग घड्याळ घाला. डासांच्या क्रीममधला डीईईटी पट्ट्याचा वरचा थर आणि ॲक्रिलिक दोन्ही खराब करू शकतो. हात धुताना घड्याळ काढायची सवय लावा, किंवा निदान धुतल्यावर पट्ट्याखालचं मनगट पुसा.

पुढचा पट्टा घेताना दुकानदाराला "अस्सल लेदर आहे ना" विचारून काही हाती लागत नाही. विचारायचं ते अस्तर आणि भरण कशाचं आहे. दमट हवेसाठी क्रोममध्ये, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेलं चामडं सालीतल्या चामड्यापेक्षा घाम आणि बुरशीला बरं टिकतं. अस्तर घाम न पिणारं, सिंथेटिक किंवा रबरी असलं तर उत्तम, आणि भरण असलंच तर पुठ्ठ्याचं नको. फुगीर, गादीवाल्या पट्ट्यापेक्षा सपाट, पातळ पट्टा लवकर वाळतो. रंग गडद तपकिरी किंवा काळा घ्या, डाग पडतील पण दिसणार नाहीत. टॅनचं प्रेम असेल तर तो पट्टा दिवाळी ते होळी घाला, लग्नकार्याला घाला, आणि तो गडद होत जाणार हे आधीच मान्य करा. दोन्हीकडे दुमडून उघडणारी फुलपाखरी बक्कल बसवून मिळाली तर भोकांजवळ रोजचं वाकवणं टळतं आणि पट्टा नक्की जास्त टिकतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण विचारतो. भिजून आल्यावर काचेच्या आतून धुकं धरतं का? धरत असेल तर पट्ट्याचं सगळं बाजूला ठेवा, किल्ली देणं थांबवा आणि घड्याळ त्याच आठवड्यात घड्याळवाल्याकडे न्या. ही जुनी घड्याळं पाण्यासाठी बनलेली नाहीत आणि घाम किल्लीच्या दांडीवरूनही आत शिरतो. पट्टा हजार-बाराशेत नवीन मिळतो, पण आतलं यंत्र एकदा गंजलं की सुटे भाग शोधत फिरावं लागतं.